‘पासवर्ड सांग’ असं घरातलंच माणूस म्हणतं तेव्हा

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, यावरचा भाग झाल्यावर आजऱ्याच्या आसपासच्या गावांतल्या गटांकडून बरेच प्रश्न आले. त्यातले काही बँकेचे होते, काही लाडक्या बहिणीच्या केवायसीचे होते. पण एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा आला. “चोराला सांगायचा नाही हे कळलं हो. पण आमचे मालकच मागतात, त्यांना काय सांगायचं?” आज त्याच प्रश्नाबद्दल बोलूया.

हे फक्त नवरेच करतात असं नाही, हे आधीच सांगून टाकतो. सुट्टीला आलेला नवरा आंघोळीला गेला की त्याचा फोन चाळणाऱ्या बायकाही आम्हाला भेटल्यात, आणि त्यांनी ते हसत हसत सांगितलंय. कारण दोघांचं सारखंच असतं, मनात शंका असते. फरक पडतो तो पुढे. बायको फोन बघते तेव्हा फार तर भांडण होतं. नवरा बघतो तेव्हा पुष्कळ घरांत बायकोचा फोनच काढून घेतला जातो, मीटिंगला जाणं बंद होतं. म्हणून आज जास्त बोलणं बायकांच्या बाजूने होईल, पण सांगणार आहोत ते दोघांनाही लागू आहे.

एक घर समोर ठेवूया. कुणाचं ते ओळखू येऊ नये म्हणून गाव, काम, नाती थोडी बदलली आहेत. आपल्या तालुक्यातली माणसं गिरण्यांच्या काळापासून मुंबईला आहेत. गिरण्या गेल्या, तरी मुंबई सुटली नाही. या घरातला नवराही मुंबईत एका इमारतीवर वॉचमन आहे. बायको गावात, सोबत सासू आणि दोन मुलं. ती गटाची खजिनदार आहे. गटाचे हप्ते, बँकेचे मेसेज, बायकांचे निरोप सगळं तिच्याच फोनवर येतं.

गणपतीला नवरा घरी आला. एक दिवस त्याने तिचा फोन मागितला, दोन मिनिटं काहीतरी केलं आणि परत दिला. तिने विचारलंही नाही. तो मुंबईला गेल्यावर मात्र विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. तिने न सांगितलेल्या गोष्टी त्याला ठाऊक असायच्या. “तुझ्या बहिणीनं काल एवढं लांबलचक काय बोलून पाठवलंय?” असं तो फोनवर विचारायचा. तिला वाटलं, घरातलंच कुणीतरी त्याला कळवतंय. संशय गेला सासूवर. आठ दिवस दोघींत बोलणं बंद. सासूचा बिचारीचा काडीचाही संबंध नव्हता.

खूण तिच्या फोनमध्येच होती, पण ती कळायला वेळ लागला. सकाळी फोन हातात घेतला की रात्री आलेले मेसेज आधीच वाचलेले दिसायचे. नवीन मेसेजचा हिरवा आकडाच नसायचा. गटातल्या एकीच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीने ते बरोबर ओळखलं. तिने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं आणि Linked devices हे पान काढलं. तिथे आणखी एक फोन जोडलेला दिसत होता, आणि त्याच्याखाली Last active म्हणून आदल्या रात्री एकची वेळ होती.

हे कसं होतं ते समजून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनशिवाय आणखी चार ठिकाणी चालवता येतं. ही सोय दुकानदारांना, ऑफिसवाल्यांना उपयोगी आहे. आपल्या फोनने समोरच्या फोनवरचं चौकटीचं चित्र एकदा स्कॅन केलं की झालं. मग तो दुसरा फोन मुंबईत असो नाहीतर दुबईत, आपले मेसेज तिथेही उमटतात. यात फोन हॅक वगैरे काही होत नाही. लागतो तो आपला उघडा फोन आणि दोन मिनिटं. म्हणूनच फोनचं कुलूप कुणाला ठाऊक आहे, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता खरं नुकसान कुठे झालं ते ऐका. त्या फोनमध्ये फक्त तिचे स्वतःचे मेसेज नव्हते. गटातल्या एका बाईने मुलीच्या फीसाठी नवऱ्याला न सांगता कर्ज मागितलं होतं, तो मेसेज होता. दुसरीने गर्भाशयाच्या दुखण्याबद्दल लिहिलं होतं. खजिनदारबाईंच्या नवऱ्याने रात्री एक वाजता ते वाचलं, आणि मुंबईतल्या गाववाल्यांत बसल्यावर कर्जाचं बोलून गेला. गोष्ट फिरून त्या बाईच्या घरी पोचली. तिच्या घरी काय झालं ते आम्ही इथे सांगत नाही. ती गटात यायची बंद झाली, तिचं बघून आणखी दोघी थांबल्या.

“नवरा-बायकोत कसलं गुपित?” असं लोक म्हणतात, तेव्हा हीच गोष्ट विसरली जाते. आपलं गुपित नसेलही. पण फोन म्हणजे आपली एकटीची ट्रंक नाही. बहिणीचं दुःख, मैत्रिणीचं दुखणं, गटाचा हिशेब, हे सगळं तिथे ठेवलेलं असतं. आपण पासवर्ड दिला की या सगळ्यांची दारं उघडतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. नवऱ्याला आपण आपली गोष्ट सांगू शकतो. दुसरीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांगायचा हक्क आपल्याला नाही.

पैशाचं तर आणखी सरळ आहे. यूपीआयचा पिन, बँकेचा ओटीपी नवऱ्यालाही द्यायचा नाही. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम असा आहे की ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिला आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. गटाचे पैसे असतील तर उद्या बायका हिशेब खजिनदाराला विचारणार, तिच्या नवऱ्याला नाही. घरात हे कारण सांगायला सोपंही जातं, कारण यात कुणावर संशय घ्यावा लागत नाही.

Linked devices मध्ये तो फोन दिसल्यावर या बाईंना तिथल्या तिथे तो काढून टाकायचा होता. त्या नावावर बोट ठेवायचं, Log out दाबायचं, दहा सेकंदांचं काम. आम्ही त्यांना म्हटलं, दाबायच्या आधी थोडं थांबा. कारण तुम्ही बाहेर काढलंत की समोरच्या फोनवर ते लगेच कळतं. रात्री एकला जागून बघणाऱ्या माणसाला आपली खिडकी बंद झाल्याचं अचानक दिसलं तर तो काय करेल, याचा विचार आधी करायला हवा. याआधी त्याने कधी हात उगारलाय का? जिवाचं बरंवाईट करण्याची धमकी दिली आहे का? घरखर्चाचे पैसे फक्त त्याच्याकडूनच येतात का? फोन उचलला नाही तर तो काय करतो? यातल्या पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर त्याचा मार्ग वेगळा आहे, त्याबद्दल पुढे बोलू. या घरात मारहाण कधी झाली नव्हती. आवाज चढायचा, आणि एकदा फोन उचलला नाही म्हणून त्याने आठ दिवस पैसे पाठवले नव्हते. म्हणून ठरलं की आधी त्याला सांगायचं आणि मग काढायचं. त्याआधी किराण्याची सोय करून ठेवायची आणि भावाच्या कानावर घालायचं.

बोलायची वेळही तिने निवडली. ड्यूटीवर असताना नाही, प्यायलेला असताना नाही, सासू आणि मुलं समोर असताना नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती म्हणाली, “अहो, माझ्या व्हॉट्सअ‍ॅपला तुमचा फोन जोडलाय, ते मला दिसलं. मी तो आज काढणार आहे. तुम्हाला न सांगता काढायचं नव्हतं, म्हणून सांगतेय.” पलीकडून ठरलेलंच उत्तर आलं, “म्हणजे लपवायचं काहीतरी आहे.” इथे बहुतेक बायका शपथा घ्यायला लागतात, आणि एकदा शपथा सुरू झाल्या की दोघंही आरोपी आणि फौजदार होऊन बसतात. ती एवढंच म्हणाली, “माझं तुम्ही काहीही विचारा, मी सांगेन. पण गटातल्या बायकांनी मला सांगितलंय, तुम्हाला नाही. त्यातलं एक बाहेर गेलं आणि त्या घरात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.” मग तिने विचारलं, “तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते?” त्यावर त्याने फोन ठेवून दिला.

फोन ठेवल्यावर तिने क्रमाने कामं केली, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी Log out. मग फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या पानावर जाऊन नोंदवलेली बोटं पाहिली. तिथे एक ठसा नवऱ्याचा होता, तो काढला. मग फोनचा पॅटर्न बदलून सहा आकडी पिन ठेवला, कारण पॅटर्न मुलं शेजारी बसून पाठ करतात, काचेवर बोटाचा मागही राहतो. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधल्या Account मध्ये जाऊन Two-step verification चा वेगळा पिन घातला. ठसा आणि कुलूप तसंच ठेवून नुसतं Log out केलं असतं, तर पुढच्या सुट्टीत पुन्हा दोन मिनिटांत फोन जोडला गेला असता. गूगलच्या खात्यात Your devices म्हणून यादी असते, मॅपमध्ये Location sharing असतं, तिथेही एकदा बघून घ्यावं. अनोळखी नाव दिसलं तर घाबरू नका, पुष्कळदा तो आपलाच जुना फोन असतो.

एक गोष्ट मात्र सेटिंगमध्ये सुटत नाही. सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर हरवल्याचं सांगून डुप्लिकेट सिम तोच काढू शकतो, आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातात. नवीन नंबर घ्याल तेव्हा स्वतःच्या आधारवर घ्या.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, आणि तो जे बोलला ते पासवर्डबद्दल नव्हतंच. त्याच्यासोबतच्या एका वॉचमनची बायको घर सोडून गेली होती. त्या खोलीत रात्र रात्र तीच चर्चा. इकडे बायको गटाच्या कामाला लागल्यापासून फोन कमी उचलायची, उचलला तरी घाईत. “मी आता नुसता पैसे पाठवण्यापुरता राहिलोय,” असं तो म्हणाला. म्हणजे त्याला तिचे मेसेज वाचायचे नव्हते, तिच्या दिवसात आपण कुठे आहोत का ते बघायचं होतं. त्यासाठी त्याने जो रस्ता निवडला तो चुकीचाच होता, हे आम्ही गुळमुळीत करणार नाही. पण भीती कळली की तिच्यावर इलाज करता येतो. ‘पासवर्ड दे’ या मागणीवर नुसतं हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं.

मग दोघांनी काय ठरवलं? रात्री साडेनऊला रोज फोन, निदान दहा मिनिटं, त्या वेळी गटाचं काम बाजूला. उचलता आला नाही तर आवाजी मेसेज टाकायचा. घरखर्चाचा हिशेब महिन्यातून एकदा पासबुक समोर धरून. बाहेरगावी मीटिंग असेल तर कुठे आणि कधी परत, हे आधी सांगायचं, आणि त्यानेही तसंच सांगायचं. मेसेज कुणी कुणाचे वाचायचे नाहीत. तिच्या माहेरचं आणि गटाचं बोलणं तिचं, त्याच्या मित्रांचं त्याचं. मुलांचं काही असेल तर दोघांनाही कळलं पाहिजे. हे सगळं एका महिन्यासाठी, मग पुन्हा बोलायचं. मुदत घातल्यामुळे तो तयार झाला असं आम्हाला वाटतं. कायमचं म्हटलं की माणूस अडून बसतो.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. एक दिवस तिचा फोन बराच वेळ बिझी लागला. त्याने कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट मागितला. वाद नको म्हणून तिने पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला, आणि तिसऱ्या दिवशी यादीतल्या एका नंबराबद्दल विचारलं. तो गॅसवाल्याचा निघाला. तपासण्याचं असंच असतं. खाज आल्यावर खाजवलं की घटकाभर बरं वाटतं आणि मग खाज वाढते. यादीत काही सापडलं नाही तर माणसाला वाटतं, पुसून टाकलं असेल. पुरावा कितीही दिला तरी तो आजपर्यंतचाच असतो, उद्याची शंका उद्या पुन्हा येते. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “स्क्रीनशॉट देणार नाही. कुणाशी बोलले ते विचारा, सांगते.” दोन दिवस तो रुसला. मग साडेनऊचा फोन पुन्हा सुरू झाला. अजूनही तो अधूनमधून विचारतो, पण मागत नाही. मीटिंग सोडलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या. जिची गोष्ट बाहेर गेली होती, ती आलेली नाही.

आता एक अवघड प्रश्न. खरंच कुणीतरी विश्वास मोडला असेल तर? नवऱ्याचं बाहेर काही होतं, ते उघडकीला आलं, आता तो म्हणतो पुन्हा होणार नाही. अशा वेळी बायकोने त्याचा फोन बघावा का? काही दिवस बघावासा वाटणं साहजिक आहे. पण यात उघडेपणा ज्याने मोडलं त्याने स्वतःहून द्यावा, दुसऱ्याने हिसकून घेऊ नये. त्याला मुदत असावी, समजा तीन महिने. आणि नुसता फोन दाखवून भागत नाही. त्या व्यक्तीशी संबंध तोडला का, पैसे कुठे गेले, विचारल्यावर चिडचिड न करता उत्तर मिळतं का, हे बघायचं. लपवायचंच असेल तर माणूस दुसरा फोन घेतो, हे आपल्याला काय नवीन सांगायचं? तीन महिन्यांनंतरही रात्री उठून फोन चाळावा लागत असेल, तर दुखणं फोनमध्ये नाही. मग दोघांनी तिसऱ्या माणसासमोर बसून बोलायची वेळ आलेली असते.

आणि काही घरांत हा विश्वासाचा प्रश्नच नसतो. मुळात ताबा हवा असतो. ते कसं ओळखायचं? भीती असलेल्या माणसाला उत्तर मिळालं की तो काही काळ तरी शांत होतो. ताबा हवा असलेला माणूस उत्तर मिळालं की पुढची मागणी करतो. आज पासवर्ड, उद्या भावाचा नंबर काढून टाक, परवा मीटिंग बंद, मग माहेर बंद. स्वतःच्या फोनला मात्र हात लावू देत नाही. नाही म्हटलं तर फोन आपटतो, पैसे अडवतो, मारतो. अशा घरात वर सांगितलेलं बोलणं आणि कराराचं काही करू नका, आणि कुलपंही घाईने बदलू नका. आधी मदत घ्या.

कायदा तुमच्या बाजूला आहे. माणसाचं खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं. लग्न झालं म्हणून तो हक्क संपत नाही. 2025 साली छत्तीसगडच्या उच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. नवऱ्याला बायकोच्या फोनच्या कॉलचे तपशील हवे होते. न्यायालयाने नाही म्हटलं. बायकोने फोनचा किंवा बँकेचा पासवर्ड द्यावा अशी सक्ती नवरा करू शकत नाही, आणि अशी सक्ती कौटुंबिक हिंसाचारातही धरली जाऊ शकते, असं त्यांनी म्हटलं. तो निकाल आपल्याकडच्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण वकिलाला आधार म्हणून दाखवता येतो. कुणी म्हणेल, चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात चालतं ना? हो, नवरा-बायकोच्या खटल्यात ते पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्येच सांगितलंय. त्यामुळे भांडणात फोनवर काय बोलतो ते जपून बोलावं. पण त्या निकालाने पासवर्ड मागायचा हक्क कुणालाही मिळालेला नाही.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीइतकाच मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे अर्ज करायला वकील लागतोच असं नाही. आपल्या राज्यात पोलिसांच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत पहिला सुरू केला, पुढे ते जिल्ह्याजिल्ह्यात गेले. तिथे प्रशिक्षित समाजसेविका बसतात, त्या दोघांना बोलावून बोलतात. तिथे गेलं म्हणजे लगेच केस झाली असं नसतं. महिलांसाठी 181 हा नंबर आहे, आणि आत्ताच्या आत्ता धोका असेल तर 112.

यातही फोन तपासला जातोय हे विसरायचं नाही. 181 ला लावलेला कॉल तुमच्या यादीत दिसतो. म्हणून तो गटातल्या दुसरीच्या, अंगणवाडीताईंच्या किंवा आशाताईंच्या फोनवरून लावा. नवऱ्याच्या धमकीचे मेसेज असतील तर पुसू नका, पण स्वतःच्या फोनमध्येच ठेवून बसू नका. मेसेज उघडा ठेवून, तारीख आणि नंबर दिसेल असा, दुसरीच्या फोनने त्याचा फोटो काढून तिच्याकडे राहू द्या. ज्या घरात सगळ्यांत मिळून एकच फोन आहे, तिथल्या बायकांनी गटाचे निरोप त्या फोनवर मागवू नयेत. खजिनदारांनी अशा सदस्यांची यादी मनात ठेवावी, आणि कर्जाचं, दवाखान्याचं, घरातल्या त्रासाचं त्यांच्याशी जे काही बोलायचं असेल ते मीटिंगनंतर मागे थांबवून तोंडीच बोलावं.